टीव्हीला जुने होम थिएटर लाल-पांढऱ्या वायरने जोडणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डीव्हीडीच्या काळातली होम थिएटर अजून पुष्कळ घरांत आहेत. डीव्हीडीचा ट्रे बिघडलेला असतो, पण अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर ठणठणीत असतात. आजच्या पातळ टीव्हीत मोठ्या स्पीकरला जागाच नसते, म्हणून हे जुने होम थिएटर टीव्हीला जोडायचा विचार अगदी योग्य आहे. अडचण एवढीच की होम थिएटरला लाल-पांढऱ्या पिनांची वायर हवी असते आणि नव्या टीव्हीतून त्या वायरीत आवाज द्यायची सोय बहुतेक वेळा काढून टाकलेली असते. पुढचे प्रश्न मुख्यतः त्याबद्दल आहेत.

टीव्हीच्या मागे लाल-पांढरी सॉकेट आहेत. तिथून होम थिएटरला वायर लावली, पण आवाज येत नाही. का?

कारण ती सॉकेट बहुधा आवाज आत घेण्यासाठी आहेत, बाहेर देण्यासाठी नाहीत. लाल-पांढऱ्याच्या शेजारी पिवळे सॉकेट असेल आणि त्यांच्यावर ‘एव्ही इन’ किंवा नुसते ‘एव्ही’ असे छापलेले असेल, तर तिथे डीव्हीडी प्लेअर किंवा सेट टॉप बॉक्स जोडायचा असतो. होम थिएटरचे ‘ऑक्स इन’सुद्धा आवाज आत घेणारेच. दोन्ही टोकांना ऐकणारेच बसले आणि बोलणारा कुणी नाही, म्हणून शांतता. यात काही जळत नाही. वायर काढून घ्या, एवढेच.

काही टीव्हींना तीन रंगीत सॉकेटऐवजी ‘एव्ही’ लिहिलेले एकच बारीक गोल भोक असते आणि सोबत एक आखूड जोडवायर मिळते. तेही आत घेणारेच. जुन्या डबा टीव्हींवर मात्र ‘ऑडिओ आउट’ किंवा ‘मॉनिटर आउट’ अशी लाल-पांढरी जोडी सर्रास असे. तुमच्या टीव्हीवर ‘आउट’ हा शब्द छापलेला सापडला तर पुढचे दोन-तीन प्रश्न सोडून द्या आणि वायर थेट लावा.

मग टीव्हीतून आवाज कुठून काढायचा?

मागची आणि बाजूची पाटी नीट पाहा. हेडफोनचे चित्र असलेले साडेतीन मिलिमीटरचे भोक दिसले तर सगळ्यात स्वस्त मार्ग तोच. ते नसेल तर ‘ऑप्टिकल’ किंवा ‘डिजिटल ऑडिओ आउट’ शोधा: साधारण चौकोनी, छोटी झडप असलेले सॉकेट. टीव्ही चालू असताना झडपेमागे लाल उजेड दिसतो. तिथून एक छोटी डबी घेऊन लाल-पांढऱ्यावर येता येते. तेही नसेल तर ‘एआरसी’ लिहिलेले एचडीएमआय सॉकेट उरते. त्यातून आवाज वेगळा काढणारी डबी मिळते, पण ती घेताना तिच्यावर एआरसी स्पष्ट लिहिले आहे याची खात्री करा. एआरसी नसलेली डबी टीव्हीतून परत येणारा आवाज काढू शकत नाही. ती फक्त टीव्हीकडे जाणाऱ्या एचडीएमआय वायरीतला आवाज काढते.

हेडफोनच्या भोकासाठी नेमकी कोणती वायर मागायची?

एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना, अशी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा गावातल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘स्टिरिओ टू आरसीए’ म्हटले की काउंटरवर येते. घेताना साडेतीनच्या पिनेवरचे काळे पट्टे मोजा. दोन पट्टे असले तर बरोबर. तीन पट्टे असलेली वायर व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी किंवा टीव्हीच्या त्या एकुलत्या एव्ही भोकासाठी असते. तिला सहसा पिवळी पिनही असते. तीन पट्ट्यांची पिन हेडफोनच्या भोकात बसते खरी, पण आतले जोड जुळत नाहीत. मग एकच बाजू वाजते किंवा आवाज पोकळ आणि क्षीण येतो. माणसे स्पीकर खराब झाला असे समजतात आणि दोष वायरीत असतो.

पिन घातल्यावर बहुतेक टीव्हींचे स्वतःचे स्पीकर आपोआप बंद होतात. न झाल्यास किंवा हेडफोनमधून काहीच न आल्यास टीव्हीच्या सेटिंगमध्ये `Sound Output` पाहा.

टीव्हीचा आवाज किती ठेवायचा आणि होम थिएटरचा किती?

हेडफोनच्या भोकातून जोडले असेल तर टीव्हीचा आवाज साधारण सत्तर-ऐंशी टक्क्यांवर ठेवून द्या आणि रोजचे कमीजास्त होम थिएटरच्या रिमोटने करा. टीव्ही फार खाली ठेवला तर होम थिएटर खूप वाढवावे लागते आणि त्यासोबत मागची खसखस वाढते.

टीव्ही अगदी शेवटपर्यंत वाढवला तर उलटी गंमत होते. मोठ्या प्रसंगात आवाज फाटतो, आणि होम थिएटरचा आवाज कमी केला तरी फाटलेलाच राहतो. कारण होम थिएटरच्या आत आवाज कमी करणारा भाग पुढे असतो. त्याच्या आधीच्या पायरीवर जास्तीचा जोर येऊन आवाज कापला गेलेला असतो. तो कापलेला भाग पुढे कुणी भरून देऊ शकत नाही. ओळखायची खूण हीच: होम थिएटर हळू करूनही फाटणे जात नसेल, तर कमी करायचे ते टीव्हीवर.

टीव्हीला फक्त ऑप्टिकल आहे. लाल-पांढऱ्यावर कसे आणायचे?

एका घरातल्या जोडणीचेच उदाहरण घेऊ. त्रेचाळीस इंची अँड्रॉइड टीव्ही, हेडफोनचे भोक नाही, मागे ऑप्टिकल आहे. होम थिएटर डीव्हीडीवाले, पाच स्पीकर आणि एक वूफर, मागे ‘ऑक्स इन’ची लाल-पांढरी जोडी. ऑप्टिकल वायरीतून आवाज आकड्यांच्या रूपात येतो, तो जुन्या ऑक्सला कळत नाही. म्हणून मध्ये ‘डॅक’ नावाची काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी लागते. तिच्या एका बाजूला ऑप्टिकल, दुसऱ्या बाजूला लाल-पांढरी सॉकेट आणि पाच व्होल्टच्या विजेसाठी एक भोक. साधी डबी काहीशे रुपयांत मिळते आणि या कामाला ती पुरते.

दोन्ही उपकरणे बंद करून सुरुवात केली. ऑप्टिकल वायरीच्या टोकांवर पारदर्शक टोप्या असतात, त्या आधी काढायच्या. त्या तशाच राहिल्या तर पिन बसत नाही आणि जोर केला की टीव्हीची झडप मोडते. वायर टीव्हीतून डबीकडे नेली. ती तीव्र कोनात दुमडायची नाही, आत प्रकाश वाहणारा तंतू असतो. डबीतून लाल-पांढरी वायर ऑक्सला लावली, लाल लालमध्ये आणि पांढरी पांढऱ्यात. डबीची वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेतली. होम थिएटरच्या रिमोटवर ‘फंक्शन’ दाबत ‘ऑक्स’वर आणले.

टीव्ही चालू केल्यावर बातम्यांचे चॅनेल छान वाजले. पण चित्रपटांचे अ‍ॅप उघडले की आवाज गायब व्हायचा आणि मधूनच खर्रर्र असा फटका बसायचा. याचे कारण पुढच्या प्रश्नात.

डॅक लावल्यावर काही कार्यक्रमांना आवाज येतो, काहींना येत नाही किंवा नुसती खरखर येते. असे का?

टीव्ही दोन प्रकारे आकडे पाठवतो. साधा स्टिरिओ आवाज पीसीएम रूपात जातो. सिनेमातला पाच स्पीकरांचा आवाज मात्र डॉल्बी डिजिटलमध्ये बांधून जातो आणि तो उलगडायला वेगळे यंत्र लागते. साध्या डॅकला ते जमत नाही. मग तो एकतर गप्प बसतो, नाहीतर बांधलेल्या आकड्यांनाच आवाज समजून खरखर काढतो.

उपाय टीव्हीच्या सेटिंगमध्ये आहे. `Sound` मध्ये `Digital Audio Out`, `Digital Output` अशा नावाचा पर्याय असतो. तो `Auto` वर असेल तर `PCM` करा. काही अ‍ॅपना आणि सेट टॉप बॉक्सलाही स्वतःची आवाजाची सेटिंग असते; तिथेही डॉल्बीऐवजी `Stereo` किंवा `PCM` निवडा. वरच्या घरात टीव्हीवर `PCM` केले आणि खरखर त्याच क्षणी थांबली.

आणखी एक. ऑप्टिकलमधून बहुतेक टीव्ही आवाज कायम एकाच पातळीवर सोडतात. म्हणजे टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी होत नाही. हा बिघाड नाही. होम थिएटरचा रिमोट हाताशी ठेवा.

होम थिएटरच्या मागे सगळीकडे लाल-पांढरी सॉकेट आहेत. टीव्हीची वायर नेमकी कुठे लावू?

‘ऑक्स इन’, ‘टीव्ही इन’, ‘ऑडिओ इन’ किंवा ‘लाइन इन’ असे लिहिलेल्या जोडीत. ‘लाइन आउट’ किंवा ‘ऑडिओ आउट’मध्ये नाही.

इथे एक धोका आहे आणि त्याकडे लक्ष द्याच. आपल्याकडे स्वस्तातली जी ४.१ आणि ५.१ संगणक-स्पीकरची संच-होम थिएटर खूप विकली गेली, त्यांच्यात छोटे स्पीकरसुद्धा वूफरच्या पाठीवर याच गोल पिनांनी जोडलेले असतात. म्हणजे दिसायला सारखीच सॉकेट, पण काही आवाज आत घेतात आणि काही स्पीकरला वीज देतात. स्पीकरच्या सॉकेटमध्ये टीव्हीची किंवा डॅकची वायर लावून आवाज वाढवला तर टीव्हीचे ते सर्किट जळू शकते. पाठीवर ‘फ्रंट’, ‘सेंटर’, ‘रिअर’ लिहिलेले सॉकेट पाहून गोंधळ झाला तर एक सोपी ओळख: जिथून वायर छोट्या स्पीकरपर्यंत जाते ते सॉकेट टीव्हीसाठी नाही.

याच संचांना बरेचदा दोन इनपुट असतात: दोन सॉकेटचे ‘ऑक्स’ आणि सहा सॉकेटचे ‘डीव्हीडी’ किंवा ‘५.१ इन’. टीव्हीसाठी दोनवाले घ्या. सहावाल्यापैकी नुसत्या पुढच्या दोनांत वायर लावली तर वूफर आणि बाकीचे स्पीकर गप्प राहतात, कारण त्या प्रत्येकाला त्याचा वेगळा आवाज हवा असतो.

फक्त पुढचे दोन स्पीकर आणि वूफर वाजतात. मधला आणि मागचे का नाही?

लाल वायर उजव्या बाजूचा आवाज नेते, पांढरी डाव्या बाजूचा. दोनच वायरी, दोनच आवाज. सहा वेगवेगळे आवाज त्यातून पाठवता येत नाहीत, ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे.

पण दोन आवाजांतून पाच तयार करायची सोय जुन्या होम थिएटरमध्येच असते. रिमोटवर ‘सराउंड’, ‘साउंड मोड’ किंवा ‘प्रो लॉजिक’ असे बटण शोधा. डॉल्बी प्रो लॉजिक ही पद्धत १९८७ साली आली आणि तिची सुधारलेली दुसरी आवृत्ती २००० साली. डीव्हीडीवाल्या अनेक होम थिएटरांत ती दुसरी आवृत्ती आहे. ती दोन्ही वायरींत सारखे असलेले आवाज, म्हणजे मुख्यतः संवाद, मधल्या स्पीकरला देते आणि दोन्ही वायरींतला फरक मागच्या स्पीकरांना देते. मराठी मालिकेतले संवाद मधल्या स्पीकरमधून स्पष्ट यावेत यासाठी मला हा मोड सगळ्यात चांगला वाटतो. ‘हॉल’, ‘स्टेडियम’ अशा नावाचे मोड टाळा. ते नुसता घुमारा वाढवतात आणि शब्द मागे पडतात.

गाणे वाजते, पण गाणाऱ्याचा आवाज आणि संवाद जवळजवळ ऐकूच येत नाहीत.

हा हमखास वायरीचा दोष. साडेतीनच्या पिनेचे बूड, म्हणजे दोन्ही बाजूंची सामाईक परतीची तार, नीट टेकलेले नाही. मग होम थिएटरला डाव्या-उजव्याचा फक्त फरक मिळतो. संवाद दोन्ही बाजूंना अगदी सारखा असतो, त्यामुळे तो वजाबाकीत नाहीसा होतो. मागचे संगीत उरते. पिन पूर्ण आत दाबा, फिरवून पाहा. फिरवताना क्षणभर संवाद परत आला तर वायर बदलायची वेळ झाली.

एकच बाजू बंद असेल तर होम थिएटरच्या टोकाला लाल आणि पांढरी पिन आपसांत बदला. बंद बाजू बदलली तर दोष वायरीत किंवा टीव्हीकडे आहे. तीच बाजू बंद राहिली तर होम थिएटरमध्ये.

सतत घूंऽऽ असा आवाज येतो. तो कसा घालवायचा?

ही सर्वाधिक येणारी तक्रार आहे आणि तिचा शोध क्रमाने घेतला तर कारण बहुतेक वेळा सापडते.

आधी होम थिएटर बंद करून त्याच्या मागची लाल-पांढरी वायर काढा, पुन्हा चालू करून ऑक्सवर ठेवा. घूं तसाच असेल तर तो होम थिएटरच्या आतला आहे. वीस वर्षांत पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकतात. ते बदलणे चांगल्या मेकॅनिकचे काम आहे आणि महाग नाही. स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते.

वायर काढल्यावर घूं गेला तर तो जोडणीतून येतो आहे. आता वायर परत लावा आणि सेट टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची किंवा छत्रीची गोल वायर काढून पाहा. घूं लगेच थांबला तर चोर सापडला. केबलची जाळी किंवा गच्चीवरच्या छत्रीचा खांब कुठेतरी लांब जमिनीला जोडलेला असतो. टीव्ही आणि होम थिएटरच्या पत्र्यावर थोडी गळतीची वीज असते; दोन पिनांच्या प्लगच्या उपकरणाला हात लावल्यावर हलक्या झिणझिण्या येतात त्या हिच्यामुळे. ही वीज जमिनीकडे जायला वाट शोधते आणि ती वाट तुमच्या लाल-पांढऱ्या वायरीच्या बाहेरच्या जाळीतून जाते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० पूर्ण आवर्तने करत, म्हणजे १०० वेळा दिशा बदलत असल्याने तोच जाड सूर स्पीकरमधून ऐकू येतो.

आधी फुकटचा उपाय: टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि होम थिएटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, आणि त्या बोर्डला खरे अर्थिंग आहे का हे वायरमनकडून तपासा. तेवढ्याने भागले नाही तर लाल-पांढऱ्या वायरीच्या मध्ये ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ लावा. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज पलीकडे जातो, पण जाळीचा सलग धातूचा रस्ता तुटतो. अगदी स्वस्त आयसोलेटर खालचा जाड आवाज थोडा खातो, तेवढे चालवून घ्यावे लागते.

तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापून घूं घालवू नका. घूं जाईल, पण बिघाड झाला तर पूर्ण वीज पत्र्यावर येईल आणि हात लावणारा घरातलाच असेल.

ऑप्टिकल वापरणाऱ्यांसाठी महत्त्वाचे: ऑप्टिकल वायरीत धातूचा जोड नसतो, म्हणून तिथे घूं यायला नको. तरीही आला तर डॅकची वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेतली आहे का पाहा. तसे असेल तर तोडलेला रस्ता यूएसबीच्या वायरीने परत जोडला गेला आहे. डॅकला वेगळा मोबाइलचा चार्जर द्या.

वायर लावताना टक् असा मोठा आवाज होतो. नुकसान होते का?

होऊ शकते. या पिनांची मधली टोकदार पिन आधी टेकते आणि बाहेरची कडी नंतर, त्यामुळे त्या क्षणी अ‍ॅम्प्लिफायरला मोठा गोंगाट मिळतो. आवाज वाढवलेला असेल तर छोट्या स्पीकरची कॉइल जाऊ शकते. वायर लावताना-काढताना होम थिएटर बंद ठेवा.

सेट टॉप बॉक्सच्या लाल-पांढऱ्या सॉकेटमधून थेट होम थिएटरला जोडले तर?

चालते. फ्री डिशच्या साध्या बॉक्सलाही ती सॉकेट असतात आणि ती खरोखर बाहेर देणारी असतात. फक्त टीव्ही पाहणाऱ्या आजी-आजोबांच्या घरी हा सगळ्यात सोपा मार्ग आहे, ना डॅक ना सेटिंग. तोटा असा की टीव्हीतल्या यूट्यूबचा किंवा पेनड्राइव्हचा आवाज होम थिएटरला जाणार नाही.

दुसरा तोटा थोडा चमत्कारिक आहे. चित्र टीव्हीत जाऊन तिथे त्याच्यावर प्रक्रिया होते, त्यात क्षणाचा काही भाग जातो. आवाज मात्र थेट पोहोचतो. म्हणून ओठ हलायच्या आधीच शब्द ऐकू येतो. दूरदर्शन प्रक्षेपणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला कळतो आणि उशिरा आला तर १२५ मिलिसेकंदांनंतर कळतो, असे धरले आहे. म्हणजे आधी आलेला आवाज फार लवकर खटकतो. टीव्हीचा `Game Mode` लावला तर प्रक्रिया कमी होऊन चित्र लवकर येते. होम थिएटरवर आवाज उशिरा करायची सेटिंग असेल तर ती वापरा. टीव्हीतली `AV Sync` इथे उपयोगी नाही, कारण हा आवाज टीव्हीतून जातच नाही. टीव्हीच्या हेडफोनमधून किंवा ऑप्टिकलमधून जोडले तर ही अडचण सहसा येत नाही. टीव्ही स्वतःच आवाज चित्राइतका थांबवतो.

किती लांब वायर चालेल? महाग वायर घ्यावी का?

पाच मीटरपर्यंत बिनधास्त. दहा मीटरही चालते, पण वायर जाड जाळीची असावी आणि विजेच्या वायरीला चिकटून समांतर नेऊ नये. ओलांडायचीच असेल तर आडवी ओलांडा. सोन्याच्या मुलाम्यासाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. समुद्राजवळच्या दमट हवेत, कोकणात किंवा गोव्यात, तो मुलामा पिन हिरवी पडू देत नाही, तेवढा त्याचा उपयोग खरा. इतरत्र पिन घट्ट बसते ना, एवढे पाहा. लाल-पांढरी जोडी नसेल आणि घरात पिवळी पिनवाली वायर पडून असेल तर तीही आवाजासाठी चालते. रंग फक्त माणसांसाठी आहेत.

होम थिएटरला एकच ऑक्स आहे. टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स दोन्ही वाय-जोडाने एकत्र लावू का?

नाही. वाय-जोडाने एका उपकरणाचा आवाज दोन ठिकाणी नेता येतो, दोघांचा एकात आणता येत नाही. दोघे एकमेकांच्या आउटपुटवर भार टाकतात, आवाज कमी होतो, फाटतो, आणि काळाच्या ओघात एखादे आउटपुट जातेही. सेट टॉप बॉक्स एचडीएमआयने टीव्हीला जोडा आणि होम थिएटरला एकट्या टीव्हीतून आवाज द्या. दोन वेगळेच स्रोत ठेवायचे असतील तर बटण दाबून बदलणारा एव्ही सिलेक्टर घ्या. त्याला वीजही लागत नाही.